बाथरूमचं काम काढताय? परवानगीपासून अनामत परत मिळेपर्यंत

मी पाच वर्षं आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. त्या काळात बाथरूम दुरुस्तीचे अर्ज बरेच हाताळले आणि नंतर स्वतःच्या घरातलं बाथरूमही पूर्ण उकरून नवं केलं. दोन्ही बाजूंनी बघितल्यावर माझं एक मत पक्कं झालं. भांडणं परवानगीच्या कागदावरून फारशी होत नाहीत. ती होतात दोन गोष्टींवरून: राडारोडा किती निघणार याचा कुणी आधी हिशोब केलेला नसतो, आणि खालच्या घराचं छत काम सुरू होण्याआधी कसं होतं याची कुठेच नोंद नसते. या दोन गोष्टी अर्ज लिहितानाच झाल्या तर कमिटीलाही निर्णय घ्यायला सोपं जातं.

उदाहरण आमच्याच घराचं घेतो. कोथरूडमधली नव्वदच्या दशकातली पाच मजली इमारत, आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, बाथरूम पाच फूट बाय आठ फूट. त्या काळच्या बहुतेक इमारतींसारखं हे बाथरूमही सन्क स्लॅबचं आहे, म्हणजे तिथला स्लॅब घराच्या बाकीच्या स्लॅबपेक्षा सुमारे एक फूट खाली ओतलेला आणि तो खड्डा विटांच्या तुकड्यांच्या कोब्याने भरलेला. नहाणी ट्रॅप आणि आडवे पाइप त्या भरावातून जातात.

आधी ठरवा: फक्त टाइल्स, की सन्कसुद्धा?

परवानगी मागायच्या आधी हा निर्णय झालेला असला पाहिजे, कारण आवाज, राडारोडा, दिवस आणि खालच्या घराला असलेला धोका हे सगळं याच्यावरच ठरतं.

खालच्या घरात ओल नसेल, ट्रॅप तुंबत नसेल आणि फक्त टाइल्स जुन्या दिसतात म्हणून काम काढायचं असेल, तर सन्कला हात लावू नका. जुन्या टाइल्स भिंतीला घट्ट असतील (नाण्याने ठोकून बघा, पोकळ आवाज आला की समजायचं सुटल्या आहेत) तर त्यांच्यावर अ‍ॅडहेसिव्हने नवीन टाइल बसवता येते. फोडाफोड जवळजवळ नाहीच. बाथरूम दोन्ही बाजूंनी अर्धा-पाऊण इंच लहान होतं आणि जमीन तेवढीच वर येते, म्हणून दाराचा उंबरा आणि पाण्याचा उतार आधी तपासावा लागतो.

पण खालच्या छताला पोपडे धरले असतील, तर वरवरच्या टाइल्सने काहीही होणार नाही. भरावात पाणी मुरलेलं असतं आणि ते वर्षानुवर्षं तिथेच राहतं. आमच्या बाथरूमचा कोबा काढला तेव्हा तळाचे विटांचे तुकडे हाताने पिळावेत इतके ओले होते, आणि आम्ही त्याआधी आठवडाभर ते बाथरूम वापरलंसुद्धा नव्हतं. अशा वेळी सन्क रिकामा करून, पाइप बदलून, स्लॅबवर नव्याने वॉटरप्रूफिंग करण्याला पर्याय नाही.

तुमची इमारत गेल्या दहा-पंधरा वर्षांतली असेल तर बिल्डरला किंवा कमिटीला आणखी एक गोष्ट विचारा: बांधकाम मायवन पद्धतीचं आहे का? मायवनमध्ये विटांच्या भिंती जवळजवळ नसतातच, आतल्या भिंतीही काँक्रीटच्या असतात आणि त्या इमारतीचा भार पेलतात. तिथे पाइपसाठी भिंतीत खाच मारणं म्हणजे सळया उघड्या पाडणं. अशा घरात पाइप भिंतीबाहेरून नेऊन पुढे खोटी भिंत उभी करावी लागते, आणि कमिटीने खाच मारायला नकार दिला तर तो रास्त आहे. साध्या इमारतीतही कॉलम आणि बीममध्ये खाच मारायची नाही, हे मिस्त्रीला तोंडी नाही, जागेवर खडूने खुणा करून दाखवा.

परवानगी कुणाची लागते

महाराष्ट्रात सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सदनिकेत कोणतीही भर किंवा फेरफार करण्याआधी कमिटीची लेखी पूर्वपरवानगी लागते, आणि त्यासाठी तपशिलासह सेक्रेटरीकडे अर्ज करायचा असतो. नुसत्या टाइल्स आणि नळ बदलण्याला फेरफार म्हणायचं का, यावर वाद घालणारे सभासद मी पाहिले आहेत. वाद घालू नका, अर्ज द्या. पुढे गळती झाली तर तुमच्या हातात मंजुरीचं पत्र असणं तुमच्याच फायद्याचं आहे.

पुण्यात बऱ्याच इमारती सोसायटी नसून अपार्टमेंट असतात, म्हणजे 1970 च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली नोंदलेल्या. तिथे कमिटीऐवजी असोसिएशन असते आणि इमारतीच्या मजबुतीला बाधा येईल असं काम करण्याबद्दल तो कायदा जास्त कडक आहे. तुमच्याकडचे नियम इमारत या कायद्याखाली आणताना नोंदवलेल्या डिक्लरेशनच्या कागदात सापडतील.

महापालिकेचं काय? जागच्या जागी टाइल्स, संडासाचं भांडं, नळ, पाइप आणि प्लास्टर बदलणं ही साधी दुरुस्ती धरली जाते. मुंबईत अशा कामांना महापालिकेची वेगळी परवानगी लागत नाही आणि इतरत्रही सर्वसाधारण रीत तीच आहे. पण बाथरूम हलवायचं असेल, म्हणजे पॅसेजचा तुकडा आत घ्यायचा किंवा बेडरूमच्या कोपऱ्यात नवा संडास करायचा, तर गोष्ट पूर्ण बदलते. तुमच्या नव्या संडासाखाली कुणाचं स्वयंपाकघर किंवा देवघर येतं. इथे सन्क नसतो, पाइप खालच्या घरात लोंबतात आणि कमिटी नाही म्हणते. सेक्रेटरी असताना मीही नाही म्हटलेलं आहे आणि आजही म्हणेन.

अर्जात काय लिहायचं

‘माझ्या बाथरूमचे नूतनीकरण करायचे आहे, तरी परवानगी मिळावी’ असा दोन ओळींचा अर्ज आला की कमिटीची एक बैठक नुसते प्रश्न विचारण्यात जाते. पुढची बैठक महिन्याने. म्हणून कमिटी जे विचारणार आहे ते आधीच लिहून टाका. मी दिलेला अर्ज साधारण असा होता:

> मा. सेक्रेटरी यांस,
>
> सदनिका क्र. … मधील सामाईक पॅसेजलगतच्या बाथरूमची दुरुस्ती करावयाची आहे. बाथरूमची जागा व मोजमाप बदलणार नाही. कॉलम, बीम व स्लॅबला धक्का लावला जाणार नाही.
>
> कामाचे स्वरूप: भिंतीच्या व जमिनीच्या टाइल्स काढणे, सन्कमधील भराव काढणे, आतील पाइप व नहाणी ट्रॅप बदलणे, वॉटरप्रूफिंग, पाणी साठवून चाचणी, पुन्हा भराव व टाइल्स.
>
> काम दि. … पासून अंदाजे 20 दिवस चालेल. फोडण्याचे काम पहिले 3 दिवस, सकाळी 10 ते दुपारी 1 आणि दुपारी 4 ते 6 या वेळेतच. रविवारी व सुट्टीच्या दिवशी काम बंद.
>
> राडारोडा अंदाजे 3 टन, म्हणजे सुमारे 100 पोती. रोजच्या रोज टेम्पोने हलवला जाईल. सोसायटीच्या आवारात रात्रभर ठेवला जाणार नाही.
>
> डक्टमधील सामाईक पाइपला जोडणी करताना सोसायटीच्या प्लंबरला हजर ठेवावे, त्याचा खर्च मी देईन.
>
> खालील सदनिकेतील छताची आजची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. या कामामुळे खालील सदनिकेत किंवा सामाईक भागात नुकसान झाल्यास ते माझ्या खर्चाने दुरुस्त करून देईन.

सोबत हाताने काढलेला साधा नकाशा, ठेकेदाराचं नाव आणि फोन, आणि काम करणाऱ्या माणसांच्या ओळखपत्रांच्या प्रती. घरी भाडेकरू राहत असेल तरी अर्ज मालकाच्याच सहीचा लागतो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. नुसत्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजवर विसंबू नका. आज ‘चालेल’ लिहिणारा सेक्रेटरी पुढच्या निवडणुकीनंतर पदावर नसतो.

अनामत रक्कम बहुतेक सोसायट्या घेतात आणि घ्यावीच, कारण जिन्याची फरशी फुटली तर ठेकेदार नंतर सापडत नाही. मात्र ती सर्वसाधारण सभेच्या ठरावानुसार सगळ्यांना सारखी असावी, तिची पावती मिळावी आणि ती परत कधी मिळणार हे मंजुरीच्या पत्रात असावं. परत न मिळणारं ‘नूतनीकरण शुल्क’ कुणी मागितलं, तर ते कोणत्या ठरावाने ठरलं हे लेखी विचारा. कमिटी महिनोन्महिने उत्तरच देत नसेल तर दोन स्मरणपत्रं द्या आणि मग तालुक्याच्या किंवा प्रभागाच्या उपनिबंधकांकडे पोचेच्या प्रतीसह तक्रार करा. ती वेळ क्वचितच येते. बहुतेक वेळा अर्ज अपुरा असतो म्हणून अडकतो.

खालच्या घरी जाऊन या

अर्ज द्यायच्या आधीच, संध्याकाळच्या वेळी, खालच्या घरी जा. फोनवर नको. आमच्या खालच्या काकूंनी दार उघडल्यावर मी म्हटलं, “काकू, आमच्या बाथरूमचं काम काढतोय. तुमचं छत एकदा बघू का?” त्यांनी आत नेलं आणि गिझरच्या मागचा एक पोपडा दाखवला. “हा चार वर्षांपासून आहे रे. तुझ्या वडिलांना म्हटलं होतं.” मला ते माहीतच नव्हतं.

तिथे छताचे, चारही कोपऱ्यांचे आणि डक्टच्या बाजूच्या भिंतीचे फोटो काढले. पोपड्याच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारून शेजारी तारीख लिहिली. पुढे काम चालू असताना ओल त्या रेघेबाहेर गेली तर ती नवी, रेघेच्या आत असेल तर जुनी. ही पेन्सिलीची रेघ दोन्ही घरांचं रक्षण करते: तुमच्यावर जुन्या गळतीचं खापर फुटत नाही, आणि तुमच्या कामाने झालेलं नुकसान तुम्हाला नाकारता येत नाही.

खालच्या घराप्रमाणेच भिंत लागून असलेल्या शेजाऱ्यांकडेही जायला हवं. त्यांच्या बाथरूमची आणि तुमची भिंत एकच असेल तर तुमच्याकडे टाइल्स फोडताना त्यांच्याकडच्या सैल टाइल्स पडू शकतात. काचेचं शेल्फ, आरसा, गिझर त्या भिंतीवर असेल तर आरसा दोन दिवस उतरवून ठेवायला सांगा. वरच्या घराला एवढंच सांगायचं की पाणी कधी बंद असेल.

आणि प्रत्येक ठिकाणी एक प्रश्न जरूर विचारा: घरात कुणी आजारी, लहान बाळ, रात्रपाळीचं, किंवा दहावी-बारावीचं आहे का? फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षा असतात. त्या दोन महिन्यांत फोडकाम काढूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्या समोरच्या घरातल्या मुलीच्या ऑनलाइन मुलाखतीसाठी आम्ही एका सकाळी ब्रेकर दीड तास बंद ठेवला. त्या वेळात मिस्त्रीने पोती भरली, काम काही अडलं नाही.

आवाज: कुठून येतो आणि कसा कमी होतो

ब्रेकरचा आवाज हवेतून जेवढा जातो त्यापेक्षा स्लॅबमधून जास्त जातो. म्हणून खिडक्या-दारं लावून फारसा फरक पडत नाही आणि दोन मजले खालच्या माणसालाही काम आपल्या डोक्यावरच चालू आहे असं वाटतं. यावर खरा उपाय दोनच. हत्यार लहान घ्यायचं आणि वेळ आखून घ्यायची.

भिंतीच्या टाइल्ससाठी मोठा ब्रेकर लागतच नाही. लहान हॅमर मशीनला रुंद पातं लावलं की टाइल प्लास्टरसकट सुटते. भरावाचा वरचा काँक्रीटचा थर फोडायला ब्रेकर लागतो, पण तो थर फुटला की खालचे विटांचे तुकडे घमेल्याने उचलता येतात. शेवटचे दोन-तीन इंच मात्र फक्त छन्नी-हातोड्याने. तिथे ब्रेकर लावला तर पातं थेट स्लॅबवर आदळतं, आणि नव्वदच्या दशकातल्या स्लॅबला तळाकडून गंज धरलेला असेल तर खालच्या घरातलं छताचं प्लास्टर खाली येतं. ठेकेदार घाई करतो, कारण छन्नीने एक दिवस जास्त जातो. तो दिवस त्याला आधीच कबूल करून ठेवा.

कायद्याचं बोलायचं तर 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत निवासी भागात आवाज करणारी बांधकामाची यंत्रं चालवता येत नाहीत. पण सोसायटीने ठरवलेली वेळ याहून बरीच आखूड असते, आणि पाळायची ती तीच. दुपारी 1 ते 4 बंद ठेवलं की वयस्कर माणसांची निम्मी तक्रार मिटते. या वेळात मजुरांचं जेवण, पोती भरणं, पाइप जोडणं अशी शांत कामं होतात.

टाइल कापण्याचा आवाज वेगळा, कर्कश, आणि तो शेवटच्या आठवड्यात येतो. तेव्हा सगळ्यांना वाटत असतं की काम संपलं. म्हणून पहिल्याच सूचनेत दोन्ही तारखा द्या. आम्ही लिफ्टजवळच्या फलकावर एक कागद लावला होता: फोडकाम अमुक तारखांना, टाइल कटाई अमुक तारखांना, पाणी अमुक दिवशी 11 ते 4 बंद, आणि खाली माझा फोन नंबर. ठेकेदाराचा नाही, माझा. लोकांना घरच्या माणसाशी बोलायचं असतं. टाइल कापताना पाणी सोडून कापायला सांगा, नाहीतर ती पांढरी धूळ डक्टमधून वरच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जाते.

राडारोडा: आधी वजन काढा

बहुतेक लोक ‘एक टेम्पो होईल’ म्हणतात. आता हिशोब करून बघू. जमीन 5 गुणिले 8, म्हणजे 40 चौरस फूट. भराव एक फूट खोल, म्हणजे 40 घनफूट. कोब्याचं वजन घनफुटाला साधारण 50 किलो धरलं तरी 2 टन. भिंतींचा घेर 26 फूट, टाइल्स 7 फुटांपर्यंत, दार वजा करून सुमारे 165 चौरस फूट. टाइल आणि मागचं प्लास्टर मिळून सव्वा इंच जाडीचं, त्याचा जवळजवळ एक टन. एकूण 3 टन.

सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात राडारोडा अर्धाच भरायचा, 30 किलोपर्यंत. जास्त भरलं तर पोतं फाटतं आणि माणसाची कंबर जाते. म्हणजे 100 पोती. छोटा हत्ती टेम्पो एका खेपेत पाऊण टन नेतो, म्हणजे चार खेपा. सन्क न काढता फक्त टाइल्स काढल्या असत्या तर दीड खेपेत काम झालं असतं. आणि हे विसरू नका की नवी वाळू, विटा, सिमेंट आणि टाइल्स मिळून जवळपास तेवढंच वजन पुन्हा वर चढणार आहे.

हे वजन घरात कुठे ठेवायचं, हा खरा धोक्याचा प्रश्न आहे. राहत्या खोलीच्या स्लॅबवर वापराचा भार साधारण दर चौरस मीटरला 200 किलो धरून रचना केलेली असते, म्हणजे चौरस फुटाला 18-19 किलो. अर्धं भरलेलं पोतं आडवं टाकलं तर ते सुमारे दोन चौरस फूट जागा घेतं, म्हणजे चौरस फुटाला 15 किलो. एक थर चालतो. तीन थर रचले की चौरस फुटाला 45 किलो होतात, अडीच पट. बाल्कनीत तर एक थरही नको, कारण ती बाहेर लोंबती असते. म्हणून नियम साधा: पोती एका थरात, शक्यतो बीमच्या जवळ भिंतीकडेला, आणि रोज संध्याकाळी खाली.

लिफ्टबद्दल. सहा माणसांची लिफ्ट 408 किलोची असते, त्यात एक मजूर आणि आठ-नऊ पोती वजनाने सहज बसतात. पण लिफ्ट वजनाने कमी आणि खड्यांनी जास्त बिघडते. दाराच्या उंबऱ्यातली जी खाच असते, तिच्यात विटेचे खडे पडतात, दार पूर्ण मिटत नाही आणि लिफ्ट जागेवर थांबते. आमच्याकडे एका सभासदाच्या कामात असंच झालं आणि पाचव्या मजल्यावरचे नव्वदीचे आजोबा दवाखान्यात जायला निघालेले असताना जिन्याने उतरले. तेव्हापासून राडारोडा जिन्यानेच, असा ठराव आम्ही केला. तुमच्याकडे लिफ्टला परवानगी असेल तर तळाला आणि भिंतींना प्लायवूड लावा, पोत्यांची तोंडं शिवून घ्या आणि दर पाच-सहा फेऱ्यांनंतर ती खाच ब्रशने साफ करा. जिन्याने नेणार असाल तर पायऱ्यांच्या कडांवर जुनी गोणपाटं अंथरा आणि रोज संध्याकाळी जिना ओल्या फडक्याने पुसून घ्या. कोरडा झाडलात तर सगळी धूळ दारांच्या फटीतून घरात जाते.

इमारतीबाहेर पडल्यावरही जबाबदारी तुमचीच राहते. 2016 च्या केंद्राच्या नियमांपासून बांधकामाचा राडारोडा घरच्या कचऱ्यात मिसळायला किंवा रस्त्याकडेला टाकायला मनाई आहे. स्वस्तातला टेम्पोवाला तो नदीपात्रात नाहीतर टेकडीच्या पायथ्याशी ओततो. महापालिकेच्या क्षेत्रीय किंवा वॉर्ड कार्यालयात संकलनाची जागा विचारा. मुंबईत महापालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा आहे. टेम्पोवाल्याला शेवटच्या खेपेचे पैसे संकलन केंद्राची पावती आणल्यावरच द्या.

नहाणीत जाणारं सिमेंट

ही चूक दिसत नाही आणि सगळ्यात महाग पडते. मजूर संध्याकाळी घमेली आणि हात त्याच ट्रॅपवर धुतात. सिमेंटचं पाणी सामाईक उभ्या पाइपातून खाली जातं, तळाच्या वळणावर बसतं आणि रात्रभरात दगड होतं. वर काम करणाऱ्याला काहीच कळत नाही. मी सेक्रेटरी असताना चौथ्या मजल्यावरच्या कामानंतर तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरच्या घरात नहाणीतून सांडपाणी उलटं आलं. चेंबर उघडून पाइप कापला तेव्हा चार इंची पाइपात दोन बोटं जातील एवढीच वाट उरली होती.

उपाय असा: जुना ट्रॅप काढल्याबरोबर उघड्या पाइपाला प्लॅस्टिकचं टोपण बसवा. गोणपाटाचा बोळा कोंबू नका, तो आत सरकतो आणि मग तोच अडकतो. मजुरांना धुण्यासाठी एक मोठं पिंप द्या. रात्रभरात सिमेंट तळाला बसतं. वरचं निवळलेलं पाणी झाडांच्या वाफ्यात नको, भरावावरच शिंपडा आणि गाळ पोत्यात भरा.

जुन्या इमारतीत डक्टमधले उभे पाइप बिडाचे असतात. आतला नवीन पीव्हीसी पाइप त्या बिडाच्या तोंडाशी जिथे जोडला जातो, तो सांधा पुढच्या बहुतेक गळत्यांचं मूळ असतो. म्हणूनच अर्जात सोसायटीचा प्लंबर मागितला. सांधा झाल्यावर त्याच्यासमोर दोन बादल्या ओता आणि डक्टमध्ये टॉर्च मारून बघा. उभा पाइपच तडकलेला निघाला, तर तो सामाईक आहे आणि त्याचा खर्च सोसायटीचा. तिथेच फोटो काढून कमिटीला कळवा, टाइल्स लागल्यावर नाही.

पाणी बंद करतानाही हेच. गच्चीवरचा जुना व्हॉल्व्ह आदल्या दिवशीच फिरवून बघा. वर्षानुवर्षं न फिरवलेला व्हॉल्व्ह बंद तर होतो, पण उघडायला जावं तर दांडा हातात येतो, आणि मग पाचही मजले रात्रभर कोरडे राहतात.

पाण्याची चाचणी, खालच्या काकूंच्या साक्षीने

स्लॅबवर वॉटरप्रूफिंग झालं, ते कडेने भिंतीवर फूटभर चढवलं, वाळलं, की पाइपाची तोंडं बंद करून सन्कमध्ये तीन इंच पाणी भरायचं. आमच्याकडे ते तीनशे लिटरच्या आत होतं. पाण्याच्या पातळीवर भिंतीला खूण करायची आणि कमीत कमी 48 तास, जमलं तर 72 तास ठेवायचं. बाष्पीभवनाने पातळी काही मिलिमीटर उतरते. बोटभर उतरली तर कुठेतरी वाट आहे. ठेकेदार म्हणेल, “साहेब, एक रात्र पुष्कळ होते.” होत नाही. जाड स्लॅबमधून पाणी झिरपून खाली दिसायला दुसरा दिवस उजाडतो.

या तीन दिवसांत सकाळ-संध्याकाळ खालच्या घरी जाऊन पेन्सिलीची रेघ बघायची. दुसऱ्या दिवशी काकूंनीच हाक मारली. डक्टच्या कोपऱ्यात, जिथे आधी काही नव्हतं, तिथे रुपयाएवढा ओला डाग आला होता. वर पाणी काढलं तर पाइप भिंतीतून जातो तिथे वॉटरप्रूफिंगचा थर नीट चिकटला नव्हता. तेवढाच भाग पुन्हा केला, परत 72 तास पाणी भरलं. पाच दिवस वाढले. पण तोपर्यंत टाइल्स लागल्या नव्हत्या, आणि नंतर कळलं असतं तर सगळं पुन्हा फोडावं लागलं असतं. चाचणी पार पडल्यावर छताचा फोटो काढून तो सेक्रेटरीला आणि काकूंना पाठवला. मुदत वाढवून घेण्यासाठी कमिटीला एक ओळीचं पत्रही दिलं. काम ठरल्या तारखेपुढे जाणार असेल तर तारीख उलटायच्या आधी सांगा.

ठेकेदाराच्या पैशाचे टप्पेही याच चाचणीला बांधून घ्या. आम्ही एकूण रकमेचा दहावा हिस्सा बाथरूम वापरात आल्यानंतर एक महिन्यापर्यंत राखून ठेवला होता.

काम संपल्यावर

टाइल्स लागल्या, भांडी बसली की अनामत लगेच मागू नका. महिनाभर रोजच्या वापराने जे होतं ते चाचणीत होत नाही. आम्ही तीस दिवसांनी काकूंकडे गेलो. नवी ओल नव्हती आणि जुना पोपडा सुकून पांढरा पडला होता. तो खरवडून, पुट्टी आणि रंग आमच्या खर्चाने करून दिला, कारण चार वर्षांची ती गळती आमच्याच घरातली होती. त्यांच्याकडून ‘छत कोरडे आहे’ अशा दोन ओळी सहीनिशी घेतल्या, सोबत राडारोड्याच्या पावत्या आणि जिन्याचा, लिफ्टचा फोटो जोडला आणि अनामत परत मिळण्याचा अर्ज दिला. नव्या पाइपांचा नकाशा, टाइल्स लावायच्या आधी काढलेल्या फोटोंसह, एका पाकिटात घालून सोसायटीच्या आमच्या सदनिकेच्या फाइलमध्ये ठेवायला दिला. पुढे कधी गिझरसाठी भिंतीला भोक पाडायचं झालं तर पाइप कुठून गेलाय हे बघायला तो लागेल.

अनामतीचा धनादेश पुढच्या मासिक बैठकीनंतर आला.